कूळ कायद्याने शेत मिळाले, मग खाजनाचा बांध कोणाचा?

प्रश्न : आमचे शेत तिसवाडीत मांडवीच्या काठच्या खाजनात आहे. आजोबा भाटकाराचे कूळ होते. कूळ कायद्याने शेत आमचे झाले असे घरात सगळे म्हणतात, पण एक-चौदाच्या उताऱ्यावर आजही कब्जेदार म्हणून भाटकाराचे नाव आहे आणि आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यात आहे. दोन वर्षांपूर्वी बांध फुटला आणि शेतात खारे पाणी भरले. दुरुस्ती कोणी करायची हे कोणी सांगत नाही. भाटकार म्हणतात शेत तुमचे, कुळे म्हणतात बांध सरकारचा. पूर्वी हे सगळे कसे चालत होते आणि कायद्याने नक्की काय बदलले?

उत्तर :

कायद्याने पाहिले तर बांधाची जबाबदारी त्या खाजनातल्या सगळ्या कुळांची मिळून आहे आणि ती कुळांच्या संघटनेमार्फत पार पाडायची आहे. भाटकाराची, म्हणजे जमीनमालकाची, ती आता नाही. सरकार मदत करते, पण नेहमीच्या देखभालीला सरकारी खाते येणार नाही. आता हे तुमच्या गावात कोणालाच का ठाऊक नाही, ते समजायला थोडे मागे जावे लागते. कुळांची आणि कूळ संघटनांची कामे करण्यात माझी बरीच वर्षे गेली. माझे मत असे झाले आहे की आपल्या कायद्याने शेताचा वाटा आणि मालकी एकेका माणसाकडून एकेका माणसाकडे नेली, पण खाजनातले पाणी कधीच एकेका माणसाचे नव्हते. तुमची अडचण तिथूनच सुरू होते.

खाजन म्हणजे नदीच्या भरतीच्या पातळीखाली असलेली, बांध घालून खाडीतून काढलेली जमीन. गावच्या शेतांचे तीन थर तुम्हाला माहीत असतीलच : वर मरड, मध्ये खेर आणि सगळ्यांत खाली खाजन. मरडाची शेती पावसावर चालते. तिथे शेजाऱ्याने शेत पडीक टाकले तरी तुमचे पिकते. खाजनात तसे होत नाही. बाहेरच्या बांधाला एका जागी भगदाड पडले की आतली सगळी शेते एकाच भरतीत खारी होतात, मग बांधालगतचे शेत कोणाचे आणि दूरचे कोणाचे हा प्रश्नच उरत नाही. बांधात मानस असते. तिचे लाकडी दार भरतीच्या जोराने आपोआप मिटते आणि सुकतीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडते, म्हणजे पावसाचे पाणी बाहेर जाते आणि नदीचे आत येत नाही. मानशीच्या आतल्या बाजूला खोलगट पाणसाठा, म्हणजे पोंय असते. सुकतीच्या वेळी मानशीला जाळे लावून मासळी आणि सुंगटे, म्हणजे कोळंबी, धरतात. एकाच दारातून भात राखले जाते आणि मासळीही मिळते, त्यामुळे त्या दारावर ताबा कोणाचा, हा खाजनातला सगळ्यांत जुना तंटा आहे.

पूर्वीच्या व्यवस्थेत जमीन दोन प्रकारची होती. एक गावकरीची, म्हणजे कोमुनिदाद या गावकारांच्या सामाईक संस्थेची. ती शेते ठरावीक मुदतीसाठी पावणीला निघत. जास्त बोली लावणारा शेत घेई, खंडाचे पैसे गावकरीच्या पेटीत जात, त्यातून गावची कामे होत आणि उरलेल्यातून गावकारांना जोण, म्हणजे त्यांचा वाटा, मिळे. ऐकायला हे समतेचे वाटते, पण पावणीत बोली लावायला हातात पैसा आणि जामीन लागे. तो कुणब्याकडे किंवा गावड्याकडे नसे. पुष्कळदा गावातला सधन माणूस पावणी घेई आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याला ते शेत अर्धेलीने देई. दुसरी जमीन खाजगी भाटकारांची. तिथे बहुतेक सगळा व्यवहार तोंडी चाले. कूळ पिढ्यान् पिढ्या तेच शेत कसत असले तरी त्याच्याजवळ चिठोरेही नसे.

बांधाचे काम मात्र ठरलेले असे. खाजगी खाजनात शेतांच्या सगळ्या मालकांचे मिळून एक मंडळ असे, त्याला भौस म्हणत. ज्याचे जितके शेत तितका त्याचा खर्चाचा वाटा. गावकरीच्या खाजनात ते काम गावकरीच पाहत असे. उन्हाळ्यात बांधाची नेहमीची डागडुजी व्हायची : खेकड्यांनी पाडलेली भोके बुजवायची, खचलेल्या जागी चिखल आणि पेंढा थापायचा, जिथे नदीचा मार जास्त तिथे चिरे लावायचे. मोठे भगदाड पडले तर हातातली सगळी कामे टाकून गाव बांधावर जाई, कारण पुढच्या मोठ्या भरतीच्या आत ते बुजले नाही तर भोक दुप्पट होते. हे श्रम कुळांचे आणि मजुरांचे असत. पैसा खंडातून आणि मानशीच्या पावणीतून येई, आणि हुकूम भाटकाराचा किंवा गावकरीचा असे. म्हणजे बांध टिकत होता तो अन्यायाच्या जोरावरही टिकत होता, हे विसरून त्या काळाचे गोडवे गाऊ नयेत.

अन्याय कसला होता तो खळ्यावर दिसत असे. जुन्या कुळांकडून मी ऐकले आहे की भाटकाराचा माणूस आल्याशिवाय मळणी झालेल्या भाताला हात लावायची सोय नव्हती. तो कुडव, म्हणजे भात मोजायचे माप, घेऊन बसे. समजा एका खाजन शेतात पाच खंडी भात आले. वीस कुडवांची एक खंडी, म्हणजे शंभर कुडव. अर्धेलीत पन्नास कुडव भाटकाराच्या कणगीत गेले. उरलेल्या पन्नासांतून पुढच्या वर्षाचे बियाणे बाजूला काढायचे, पावसात भाटकाराकडून उसने आणलेले भात वाढीसकट फेडायचे, बैल दुसऱ्याचे असतील तर त्यांचे द्यायचे. कुळाच्या घरात वर्षाला काय उरत असेल याचा हिशेब तुम्हीच करा. त्यातून कूळ बहुधा त्याच भाटकाराच्या भाटात झोपडी घालून राहणारा मुंडकारही असे. शेताचा खंड थकला तर भीती शेत जाण्याची नसे, घर जाण्याची असे. म्हणून कोणी बोलत नसे. भाटकाराच्या घरी लग्नकार्य असले की मुंडकाराच्या घरच्यांनी जायचे, भाटातल्या माडांची राखण करायची, हे सगळे विनामोबदला.

या जागी कायद्याने खरोखर मोठा फरक केला. १९६१च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, १९६३च्या शेवटी दयानंद बांदोडकरांचे सरकार आले आणि 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा गावागावांत पोचली होती. १९६४चा कूळ कायदा १९६५च्या फेब्रुवारीत लागू झाला. त्याने दोन गोष्टी केल्या : कुळाला मनमानीने काढता येणार नाही, आणि खंड उत्पन्नाच्या सहाव्या भागाहून जास्त घेता येणार नाही. वरचाच हिशेब पुढे नेला तर शंभर कुडवांतून आता पन्नासांऐवजी सुमारे सतरा कुडव द्यायचे. तेहेतीस कुडव कुळाच्या घरात जास्त आले. पुष्कळ घरांत पोरे शाळेत गेली ती या भातावर, हे मी अशा घरांतल्या माणसांकडूनच ऐकले आहे.

मग १९७५-७६मध्ये, शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना, दोन पावले पुढे टाकली गेली. मुंडकार कायद्याने मुंडकाराला घरातून काढण्यावर बंदी आली आणि घर व त्याभोवतीची ठरावीक जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. आणि कूळ कायद्याच्या पाचव्या दुरुस्तीने २० एप्रिल १९७६ हा दिवस ठरवून सांगितले की त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता त्याने ती विकत घेतली असे मानले जाईल. जमीनमालक याविरुद्ध न्यायालयात गेले आणि प्रकरण वर्षानुवर्षे चालले. १९८४मध्ये ४७व्या घटनादुरुस्तीने मूळ कायदा आणि पाचवी दुरुस्ती दोन्ही घटनेच्या नवव्या परिशिष्टात, म्हणजे न्यायालयातल्या आव्हानापासून राखलेल्या कायद्यांच्या यादीत, घातले गेले. मधल्या काळात बऱ्याच मामलेदार कचेऱ्यांत खरेदीची प्रकरणे जागच्या जागी राहिली, आणि कुळांचा समज झाला की आता वेगळे काही करायचे उरलेले नाही.

तुमच्या उताऱ्याचे कोडे यातच आहे. 'विकत घेतली असे मानले जाईल' इथपर्यंत कायदा आपोआप चालतो. पुढचे आपोआप होत नाही. कलम १८-क प्रमाणे मामलेदाराने भाटकार आणि कूळ दोघांना नोटीस काढायची, किंमत ठरवायची, ती कुळाने भरायची, मग खरेदीचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यावरून फेरफार होऊन एक-चौदावर कब्जेदार म्हणून नाव चढते. आजोबांचे नाव कुळाच्या रकान्यात आहे ही तुमची भक्कम बाजू आहे, कारण जमीन महसूल कायद्याखालची ती नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानली जाते. पण किंमत ठरून प्रमाणपत्र मिळेपर्यंत तुमचे काम अर्धे आहे. ज्या घरांत आजोबांनी एवढे केले नाही, तिथे आता तिसऱ्या पिढीत वारस पंचवीस-तीस झाले आहेत. काही मुंबईला, काही आखातात. एक नोटीस बजावायलाच वर्ष जाते.

आता बांधाकडे येतो.

खंड सहाव्या भागावर आला त्या दिवशी भाटकाराचा बांधातला रस संपला. मी याचा दोष त्याला देत नाही. अर्धा वाटा मिळत होता तोवर बांध फुटणे म्हणजे त्याचे नुकसान होते, म्हणून तो खर्च करी. सहाव्या वाट्यात खर्च निघत नव्हता आणि १९७६नंतर तोही वाटा राहिला नाही. भौस नावापुरते उरले. गावकरीचेही तेच झाले : खंडाचे उत्पन्न आटले, त्याबरोबर बांध पाहायची तिची ऐपतही गेली आणि अधिकारही. जुने कारभारी बाजूला झाले. आता शेताचे धनी झालेले शंभरेक लोक, प्रत्येकाचे शेत अर्ध्या एकराच्या आतबाहेर, आणि बांध मात्र एकच. हा धोका कायदा करणाऱ्यांना दिसला नव्हता असे नाही. म्हणून १९७५मध्ये कुळांच्या सामाईक जबाबदारीचे नियम झाले आणि कूळ संघटना आल्या. एका खाजनातल्या कुळांनी सभा घेऊन कार्यकारी समिती निवडायची, बांध आणि मानस तिच्या ताब्यात, मानशीतली मासेमारी जाहीर पावणीने द्यायची, तो पैसा बांधावर खर्च करायचा, हिशेब ठेवायचा आणि देखरेख मामलेदाराची. कागदावर रचना चांगली आहे. ज्या गावांत चार जाणती माणसे तिच्यामागे उभी राहिली तिथे ती चाललीही.

बिघडते कुठे ते एका खाजनावर दाखवतो. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, पण वळण मी पाहिलेलेच आहे. तीस हेक्टरांचे खाजन, पंचाहत्तर कुळे, प्रत्येकाला सरासरी चार हजार चौरस मीटर. मानशीची वर्षाची पावणी सहा लाखांना गेली. नियमाप्रमाणे हा पैसा बांधाचा आहे. उन्हाळ्यात त्यातून दोन-अडीच लाखांची डागडुजी केली आणि बाकी मोठ्या दुरुस्तीसाठी शिल्लक ठेवली तर बांध वर्षानुवर्षे उभा राहील. पण सभेत कोणीतरी उठून म्हणतो, पैसे वाटून टाका. प्रत्येकी आठ हजार येतात. शेत कसायचे तर नांगरणी, लावणी आणि कापणीची मजुरी, खत हे सगळे भरून हाती जे राहते ते पुष्कळ वर्षी आठ हजारांहून कमी असते, आणि आठ हजारांना चिखलात उतरावे लागत नाही. एकदा वाटप झाले की पुढच्या वर्षी सभेला लोक तेवढ्यासाठीच येतात. बांधाचे काम राहून जाते.

दुसऱ्या बाजूला, ज्याने मानस सहा लाखांना घेतली त्याला ते पैसे एका हंगामात काढायचे असतात. सुंगटे खाऱ्या पाण्याबरोबर आत येतात. जितके पाणी आत घ्याल तितकी मासळी जास्त. रीत अशी की भात कापून झाल्यावर नदीचे पाणी आत घ्यायचे, तेही पोंयीच्या काठापर्यंत, शेतात चढू द्यायचे नाही, आणि पाऊस यायच्या आधी बंद करायचे. मग जूनच्या पहिल्या पावसांनी माती धुतली जाते, ते पाणी सुकतीला मानशीतून बाहेर काढतात आणि क्षार उतरल्यावरच पेरतात. कोरगूट, आसगो असली जुनी भाते थोडाफार खारटपणा सोसतात, म्हणून खाजनात तीच टिकली. पण मानस घेणाऱ्याने दार भरतीलाही उघडे ठेवले, रात्री फळी काढून ठेवली, तर पोंय दरवर्षी थोडी थोडी शेतात सरकते. पोंयीलगतच्या दोन-चार कुळांचे भात पहिल्यांदा मरते. ते तक्रार करतात, पण बाकीच्या सत्तर जणांना आठ हजार मिळाले आहेत. पुढच्या वर्षी आणखी दहा शेते पडीक जातात. जितकी शेते पडीक, तितके भात हवे असलेले लोक कमी आणि मासळीच्या बाजूने मते जास्त. शेवटी एके दिवशी बांध फुटतो, आणि तो फुटावा असे वाटणारी माणसे सभेत जास्त झालेली असतात.

बांध फुटण्याची कारणे नेहमी माणसांच्या मनातच असतात असेही नाही. मांडवी आणि जुवारीतून खनिजाने भरलेल्या बार्जी वर्षानुवर्षे गेल्या, त्यांच्या लाटांनी बांधांचे पायथे खाल्ले. काही ठिकाणी मातीच्या बांधाला सिमेंटचे तोंड लावले आणि आतला गाभा पोकळ राहिला. तुमच्या बांधाचे काय झाले ते पाहायचे असेल तर पौर्णिमा-अमावास्येच्या मोठ्या भरतीला आतल्या बाजूने चालत जा. जिथे बांधाच्या पायथ्याशी पाणी झिरपताना दिसेल आणि त्यात मातीचा गढूळपणा असेल, तिथे आतून पोखरले गेले आहे. नितळ झिरप तितकी वाईट नाही. मार्च-एप्रिलमध्ये शेताच्या कोरड्या ढेकळांवर पांढरा थर आला असेल तर क्षार वर आले आहेत. पोंयीच्या काठी, जिथे पूर्वी भात होते तिथे, खारफुटीची रोपे उभी राहिली असतील तर तिथले पाणी बरेच महिने खारे राहिले आहे.

खारफुटीची गोष्ट तातडीची आहे. खारफुटीला कायद्याचे संरक्षण आहे. शेतात ती एकदा दाट वाढली की ते शेत पुन्हा भाताखाली आणायला परवानग्यांच्या मागे फिरावे लागते आणि बहुतेकांना ते झेपत नाही. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११च्या अधिसूचनेने गोव्यातली खाजने जपायची म्हटले आहे आणि तिथे बांधकामाला मज्जाव केला आहे, पण फुटलेला बांध ती अधिसूचना बुजवत नाही. दोन वर्षे तुमच्या शेतात खारे पाणी आहे म्हणजे रोपे आधीच उगवली असतील. तिसरे वर्ष जाऊ देऊ नका.

मजुरांबद्दल तुम्ही विचारले नाहीत, पण त्यांना सोडून हे उत्तर अपुरे राहील. कूळ कायद्यात मजुरीवर, मग ती रोख असो वा भातात, दुसऱ्याचे शेत कसणारा माणूस कूळ धरला जात नाही. ज्या बायका भाटकाराच्या शेतात पिढ्यान् पिढ्या लावणी-कापणी करत होत्या, त्या कायद्यानंतर कुळाच्या शेतात तेच काम करू लागल्या. मालक बदलला, त्यांचे काम तेच राहिले. त्यांच्यातल्या ज्यांचे घर भाटात होते त्यांना मुंडकार कायद्याने घर मिळाले आणि ती मोठीच गोष्ट झाली, पण शेत नाही. त्यांची पोरे पुढे खाणींवर, बांधकामांवर, सरकारी नोकऱ्यांत गेली. आज लावणीला येणारे हात बरेचसे कर्नाटकातून येतात. त्यांना एखादे शेत खंडाने कसायला द्या म्हटले तर आजचा शेतमालक, म्हणजे कालचे कूळ, घाबरतो : उद्या हाच कूळ लागला तर? शिवाय कूळ म्हणून मिळालेली जमीन मामलेदाराच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, खंडानेही देता येत नाही, आणि १९९१च्या कायद्याने तिचा शेतीशिवाय दुसरा उपयोग करता येत नाही. हे निर्बंध जमीन वाचवायला आहेत आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. पण त्यामुळे कसू इच्छिणारा माणूस आणि पडीक शेत यांची गाठ पडायचा रस्ता बंद झाला, हेही खरे. ज्याच्या हातात विळा आहे त्याच्याकडे कागद नाही आणि कागद असलेला कसत नाही, ही स्थिती १९६४च्या आधीही होती. आता ती वेगळ्या घरांत आली आहे.

तुम्ही काय करावे ते सांगतो. दोन कामे वेगळी ठेवा, एकमेकांत गुंतवू नका. शेत नावावर करण्यासाठी आजोबांच्या वारसांची कागदपत्रे पुरी करा, खंड भरल्याच्या जुन्या पावत्या, गावकरीची किंवा भाटकाराची कोणतीही चिठ्ठी शोधा, आणि मामलेदाराकडे कलम १८-क खाली किंमत ठरवण्याचा अर्ज करा. २०१४मध्ये ही प्रकरणे दिवाणी न्यायालयांकडे नेली होती आणि दाव्यांना मुदतही घातली होती. नंतर ती पुन्हा मामलेदारांकडे आली. म्हणून अर्जापूर्वी आजची मुदत वकिलाकडून तपासून घ्या. कोणी येऊन म्हणाले की 'मी कूळ नव्हतो' असे लिहून द्या, निम्मे पैसे देतो, तर सही करू नका. तशा सह्यांनी गेलेली शेते पुढे भरावाखाली गेलेली मी पाहिली आहेत.

बांधासाठी अर्ज एकट्याने करू नका. प्रथम मामलेदार कचेरीत जाऊन विचारा की तुमच्या खाजनाची कूळ संघटना नोंदलेली आहे का, शेवटची निवडणूक कधी झाली, मानशीची पावणी कोणाला आणि कितीला गेली, आणि हिशेब सादर झाले का. माहिती अधिकाराखाली अर्ज केला तर हे लेखी मिळते. पुष्कळदा असे निघते की संघटना आहे, पावणी दरवर्षी होते आहे, समितीची मुदत मात्र संपून गेली आहे. मग दहा-पंधरा कुळांच्या सह्यांनी सर्वसाधारण सभा बोलावण्याची मागणी करा. सभेत एकच ठराव आधी मांडा : या वर्षीच्या पावणीचा पैसा वाटायचा नाही, आणि पावणीच्या अटीत लिहायचे की पेरणीपासून कापणीपर्यंत दाराची किल्ली संघटनेकडे राहील, पाणी पोंयीच्या खुणेच्या वर चढले तर अनामत जप्त. ही खूण चिऱ्याचा खांब रोवून सगळ्यांसमोर करून घ्या, म्हणजे पुढे वाद राहत नाही. तो ठराव आणि फुटलेल्या जागेचे माप घेऊन कृषी खात्याच्या मृद्‌संधारण विभागाकडे मोठ्या दुरुस्तीसाठी जा. एकट्या माणसाच्या तक्रारीपेक्षा संघटनेचा ठराव तिथे लवकर हलतो. भगदाड उन्हाळ्यातच बुजवावे लागेल, तेही लहान भरतीचे दिवस, म्हणजे अष्टमीच्या मागचेपुढचे, धरून. त्यासाठी सभा दिवाळीच्या आसपास व्हायला हवी. एप्रिलमध्ये सभा घेतली तर ते वर्ष गेले म्हणून समजा.

बांध बुजल्यावर पहिल्या पावसात पेरणीची घाई करू नका. दोन-तीनदा पाणी भरू द्या आणि सुकतीला मानशीतून काढा. शेतातले पाणी जिभेवर गोडे लागेपर्यंत बियाणे टाकू नका, आणि पहिल्या वर्षी कोरगूटच पेरा. बियाणे खेरच्या शेतकऱ्यांकडे मिळणार नाही. शेजारच्या ज्या खाजनात बांध शाबूत आहे तिथल्या कुळांकडे आतापासूनच सांगून ठेवा.